व्हिएतनामी भाषेतील कालदर्शक शब्द

व्हिएतनामी भाषेत क्रियापदाचे रूप कधीच बदलत नाही. काळ, पुरुष, लिंग, वचन यांपैकी कशाचाही परिणाम त्यावर होत नाही. ‘दी’ म्हणजे जाणे. मी गेलो, ती जाते, ते जातील, या सगळ्यांसाठी शब्द तोच, ‘दी’. क्रिया घडून गेली, चालू आहे की व्हायची आहे हे सांगायचे असल्यास क्रियापदाच्या आधी एक छोटा शब्द ठेवतात. ‘दा’ म्हणजे घडून गेलेले, ‘दांग’ म्हणजे चालू असलेले आणि ‘सॅ’ म्हणजे पुढे घडणारे. परक्या भाषेतून आलेला विद्यार्थी या तिघांना भूत, वर्तमान आणि भविष्यकाळ समजून चालतो आणि तिथेच फसतो. रोजच्या बोलण्यातल्या बहुतेक वाक्यांत हे शब्द नसतात. ते कुठे गाळायचे आणि कुठे गाळता येत नाहीत, हे ज्याला कळले त्याला या भाषेचे क्रियापद कळले.

या नोंदीत उच्चार हनोईकडचे घेतले आहेत. ‘झ’ हा ‘झरा’मधला आणि ‘च’ हा ‘चहा’मधला समजावा. व्हिएतनामीत प्रत्येक अक्षराला ठरावीक सूर असतो आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. ते सूर देवनागरीत दाखवता येत नाहीत, त्यामुळे इथले लेखन ओळखीपुरतेच आहे.

जागा आणि अर्थ

हे शब्द कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये येतात. नकारार्थी ‘खोंग’ वापरायचा असेल तर तो कालदर्शक शब्दानंतर येतो. ‘तोय सॅ खोंग दी’ म्हणजे मी जाणार नाही. ‘खोंग सॅ दी’ अशी उलटापालट चालत नाही.

या शब्दांचा संबंध बोलण्याच्या क्षणाशी असेलच असे नाही. ज्या क्षणाबद्दल बोलणे चालू आहे त्या क्षणाशी तो असतो. ‘झऽ नाय ङाय माय तोय दा अऽ ह्वे’ म्हणजे उद्या या वेळेला मी ह्वे शहरात पोचलेलो असेन. गोष्ट उद्याची, तरी शब्द ‘दा’, कारण उद्याच्या त्या क्षणापर्यंत पोचणे होऊन गेलेले असेल. ‘सॅ’चेही तसेच. ‘आन्य अय नॉय सॅ देन’ म्हणजे तो येईन म्हणाला होता. बोलणे कालचे असेल, येण्याचा दिवसही उलटून गेला असेल, पण तो बोलला त्या क्षणी येणे पुढे होते, एवढे ‘सॅ’ला पुरते. ‘दांग’ कालच्या, आजच्या किंवा उद्याच्या कोणत्याही चालू क्रियेला लागतो. म्हणजे हे शब्द काळापेक्षा क्रियेची अवस्था जास्त सांगतात. काळ कळतो तो बाकीच्या वाक्यातून.

एका दिवसाची हकिगत

एक बाई आपला कालचा दिवस सांगते आहे. ‘होम क्वा तोय झय सम, झा चऽ मुअ का, वे नउ चाव. लुक चोंग तोय वे थी चाव दा ङुओय.’ म्हणजे, काल मी लवकर उठले, बाजारात जाऊन मासे आणले, घरी येऊन पेज शिजवली. नवरा आला तेव्हा पेज गार झाली होती.

मराठीत उठले, आणले, शिजवली, आला अशी प्रत्येक क्रियापदावर भूतकाळाची खूण करावी लागते, शिवाय लिंग आणि वचनही सांभाळावे लागते. व्हिएतनामी वाक्यात ‘होम क्वा’, म्हणजे काल, हा शब्द सुरुवातीला एकदा आला आणि काळाचे काम संपले. उठणे, बाहेर पडणे, विकत घेणे, परतणे, शिजवणे ही पाच क्रियापदे एकामागून एक मोकळीच येतात आणि ज्या क्रमाने सांगितली त्याच क्रमाने घडली असे ऐकणारा धरून चालतो. हा क्रम हीच या कथनाची खरी कालरचना आहे.

नवशिका इथे प्रत्येक क्रियापदाला ‘दा’ जोडतो. तसे वाक्य चुकीचे ठरत नाही, पण कानाला खटकते. कुणीतरी आरोप केला असावा आणि ही बाई ‘मी उठले होते, मी गेले होते, मी आणले होते’ असा एकेक खुलासा करते आहे, असे ते ऐकू येते. ‘दा’मध्ये ‘हे केव्हाच झाले आहे’ असा जोर असतो आणि साध्या हकिगतीला तो पेलवत नाही.

मग शेवटी पेजेला ‘दा’ का लागला? कारण तिथे क्रम मोडला. पेज गार झाली ती नवरा येण्याच्या आधी, पण वाक्यात ती नंतर आली. सांगण्याचा क्रम आणि घडण्याचा क्रम वेगळे झाले की ते कळवण्याची जबाबदारी कालदर्शक शब्दावर येते. याच जागी तीन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘लुक चोंग तोय वे थी तोय नउ चाव’ म्हणजे नवरा आला तेव्हा मी पेज करायला घेतली, किंवा नवरा येतो तेव्हा मी पेज करते. ‘तोय दांग नउ चाव’ म्हटले की नवरा आला तेव्हा पेज चुलीवर होती. ‘तोय दा नउ चाव’ म्हटले की पेज आधीच तयार होती. तिन्ही वाक्यांत बाकी सगळे तेच आहे. इथे शब्द गाळला तर वाक्य अपुरे वाटत नाही, त्याचा अर्थच बदलतो, आणि म्हणूनच ही चूक सहज पकडली जात नाही.

कुठे गाळतात

काल, उद्या, गेल्या वर्षी असा वेळ सांगणारा शब्द वाक्यात असेल तर कालदर्शक शब्दाची गरज सहसा पडत नाही. नेहमीची सवय आणि सार्वकालिक सत्य सांगतानाही तो येत नाही. ‘मला हवे आहे’, ‘माझा बेत आहे’ अशा क्रियापदांच्या पुढे येणारी क्रिया भविष्यातलीच असते, म्हणून तिथे ‘सॅ’ घालत नाहीत.

वेळेचा शब्द असूनही ‘सॅ’ ठेवला तर अर्थाला छटा येते. ‘माय तोय दी ह्वे’ म्हणजे उद्या मी ह्वेला जातोय. बेत ठरला आहे, तिकीटही काढले असेल. आपणही उद्याच्या गोष्टीला ‘उद्या पुण्याला जातोय’ असे वर्तमानकाळात म्हणतोच. ‘माय तोय सॅ दी ह्वे’ म्हटले की त्यात शब्द दिल्याचा, निश्चय केल्याचा भाव उतरतो.

बोलीत ‘दा’ गाळण्याचे आणखी एक कारण म्हणजे वाक्याच्या शेवटी येणारा ‘झोय’, म्हणजे ‘झाले, आता’. ‘तोय आन झोय’, माझे जेवण झाले. ‘तोय दा आन झोय’ असे दोन्ही शब्द ठेवूनही म्हणता येते, पण घरात, रस्त्यावर नुसता ‘झोय’च पुरतो.

कुठे गाळता येत नाही

‘आन्य अय नॉय सॅ देन’ हे वर आलेले वाक्य पुन्हा घ्यावे. त्यातला ‘सॅ’ काढला तर ‘नॉय देन’ हे दोन शब्द एकमेकांना चिकटतात आणि ‘नॉय देन’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा उल्लेख करणे. ‘तो येईन म्हणाला’ याऐवजी ‘त्याने अमुक गोष्टीचा विषय काढला’ असे काहीतरी अर्धवट ऐकू येते. मध्ये ‘माय’ घातला, तो उद्या येतो म्हणाला, की मात्र ‘सॅ’ नसला तरी चालते.

‘साप’ म्हणजे अगदी होण्याच्या बेतात असणे आणि ‘वुअ’ किंवा ‘मय’ म्हणजे आत्ताच, नुकतेच. हे शब्दही क्रियापदाच्या आधीच येतात, पण ते गाळले तर त्यांचा अर्थ वाक्यातून जातोच. ‘काल’ हा शब्द ‘दा’चे काम करू शकतो, पण ‘नुकतेच’चे काम दुसरे कोणी करत नाही.

‘चुअ’ या शब्दाकडे मराठी माणसाने विशेष लक्ष द्यावे. त्याचा अर्थ ‘अजून नाही’. ‘दा’ला नकार द्यायचा तर स्वाभाविक उत्तर ‘चुअ’. ‘दा खोंग’ असेही म्हणता येते, पण त्यात ‘केलेच नाही’ असा ठासून सांगण्याचा किंवा हळहळीचा सूर येतो. वाक्याच्या शेवटी ‘चुअ’ आला की प्रश्न होतो. ‘आन कम चुअ?’ म्हणजे जेवलात का? आपल्याकडे ‘जेवण झालं का’ हे जसे विचारपूस म्हणून विचारतात, तसेच तिथेही. उत्तर ‘झोय’ किंवा ‘चुअ’, इथे ‘खोंग’ चालत नाही. लग्न झाले का, असे विचारल्यावरही अविवाहित माणूस ‘चुअ’च म्हणतो. ‘खोंग’ म्हटले तर लग्न करायचेच नाही असे ऐकू येते.

प्रश्नातला क्रम

एके ठिकाणी तर ‘दा’ आणि ‘सॅ’ दोघांचेही काम नुसता शब्दक्रम करतो. ‘बाव झऽ’ म्हणजे केव्हा. ‘बाव झऽ ची वे?’ म्हणजे ताई, तुम्ही केव्हा परत येणार? ‘ची वे बाव झऽ?’ म्हणजे ताई, तुम्ही केव्हा आलात? शब्द तेच तीन. ‘केव्हा’ आधी आला की भविष्य, शेवटी आला की भूत. पहिल्या वाक्यात ‘सॅ’ घालता येतो, दुसऱ्यात घातला तर वाक्य विचित्र लागते. मराठीत ‘केव्हा’ पुढे-मागे केल्याने काळ बदलत नाही, त्यामुळे आपल्या माणसाची इथे हमखास गफलत होते.

अभ्यासकांचा वाद

लॅटिन व्याकरण शिकलेल्या युरोपीय पाद्र्यांनी ही भाषा प्रथम रोमन लिपीत बांधली. अलेक्सांद्र द रोद यांचा व्हिएतनामी, पोर्तुगीज आणि लॅटिन असा त्रिभाषी शब्दकोश 1651 साली रोममध्ये छापला गेला. त्याला छोटे व्याकरणही जोडलेले होते. व्हिएतनामला जाण्याआधी हे गृहस्थ गोव्यातही राहिले होते. अशा परंपरेत ‘दा, दांग, सॅ’ यांना तीन काळ मानणे सोपे होते आणि शाळेतल्या व्याकरणात ती विभागणी बराच काळ टिकली. काव स्वन हाव (1930–2007) या व्हिएतनामी भाषाशास्त्रज्ञाने 1998 मध्ये याविरुद्ध ठामपणे मांडणी केली, की व्हिएतनामीत व्याकरणिक काळ नाही, आहे ती क्रियेची अवस्था. उद्याच्या वाक्यातला ‘दा’ आणि कालच्या वाक्यात त्याचे नसणे या दोन्ही गोष्टी पाहिल्या की त्यांचे म्हणणे पटते. ‘सॅ’बद्दल मात्र अभ्यासकांत अजून एकमत नाही.

भाषाकुळाकडे बोट दाखवूनही हे वैशिष्ट्य समजावता येत नाही. मेळघाटातली कोरकू ही व्हिएतनामीच्याच ऑस्ट्रोआशियाई कुळातली भाषा आहे, पण ती क्रियापदाला मागून प्रत्यय लावते.

लेखी भाषेत मात्र ‘दा’ भरपूर भेटतो. वृत्तपत्रातल्या बातमीत ‘काल’ हा शब्द असूनही ‘दा’ येतो, कारण घटना घडली याची ग्वाही देणे हे बातमीचे कामच आहे. नेत्यांच्या भाषणात ‘दा, दांग वा सॅ’, केले, करतो आहोत आणि करू, अशी तिन्हींची माळ ओवलेली ऐकू येते. वृत्तपत्रे वाचून व्हिएतनामी शिकलेला माणूस बाजारात बोलू लागला की त्याची भाषा लगेच ओळखू येते. भाजीवाली एवढेच विचारते, ‘मुअ झी?’, काय घेणार, आणि त्यात काळाचा एकही शब्द नसतो.