डिझाइनची आकडेमोड आम्ही दुसऱ्या हाताने कशी तपासतो
(बांधकाम करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्या ऑफिसातून साइटवर जाणाऱ्या प्रत्येक आरसीसी ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात चार सह्या असतात: डिझाइन, ड्रॉइंग, तपासणी, मंजुरी. "फीमध्ये ही तपासणी कशाला धरलीय? सॉफ्टवेअर चुकतं का?" असे बरेच जण विचारतात. सॉफ्टवेअर सहसा चुकत नाही. त्याला सांगितलेली माहिती चुकते. एका बंगल्याच्या गॅलरीचे उदाहरण घेऊन हे सांगतो, कारण त्या एकाच गॅलरीत तपासणीने एक चूक पकडली आणि दुसरी तिला पकडताच येण्यासारखी नव्हती.

आधी आधारपत्रक

आकडेमोड सुरू होण्यापूर्वी आम्ही एक पानाचे आधारपत्रक करतो. कुठे किती वजन धरले, कठडा कसला, टाकी कुठे, पुढे मजला वाढवायचा आहे का, हे त्यात साध्या मराठीत लिहिलेले असते. त्यावर तुमची सही घेतो. आकडेमोडीच्या कागदांवर तुमची सही कधीच मागत नाही, ती जबाबदारी आमची.

या बंगल्याची गॅलरी भिंतीबाहेर १.२ मीटर अधांतरी होती. स्लॅब १५० मिमी जाडीचा. आधारपत्रकात कठडा म्हणून लोखंडी रेलिंग लिहिले होते.

तपासणारा काय करतो

तपासणारा इंजिनिअर डिझाइन करणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, आणि तो पहिल्याची आकडेमोड आधी उघडत नाही. हा नियम आम्ही कसोशीने पाळतो. समोर उत्तर लिहिलेले असले की माणूस नकळत तेच उत्तर काढून दाखवतो. त्याच्याकडे फक्त आर्किटेक्टचा ताजा नकाशा आणि आधारपत्रक असते. बहुतेक वेळा तो हाताने, कॅल्क्युलेटरवर हिशेब करतो.

गॅलरीचा हिशेब असा. दर चौरस मीटरला स्लॅबचे स्वतःचे वजन ३७५ किलो, फरशी आणि प्लास्टर १२५ किलो, आणि माणसे-सामान ३०० किलो (घराच्या गॅलरीसाठी आयएस ८७५, भाग २ मध्ये दिलेला आकडा). एकूण ८०० किलो. गॅलरीची एक मीटर रुंदीची पट्टी घेतली तर १.२ मीटर लांबीवर ९६० किलो होतात. त्यांचा मध्य भिंतीपासून ०.६ मीटरवर, म्हणून मुळाशी येणारा वाकवणारा जोर ५७६ किलो-मीटर. टोकावरच्या रेलिंगचे ५० किलो १.२ मीटरवर, म्हणजे आणखी ६०. बेरीज ६३६.

मग पहिल्याचा कागद उघडला. तिथे ४५० होते. ५ टक्क्यांपर्यंतचा फरक आम्ही दोन पद्धतींमधला फरक म्हणून सोडतो, पण हा फार मोठा होता. कारण दहा मिनिटांत सापडले: डिझाइन आर्किटेक्टच्या जुन्या नकाशावरून झाले होते, त्यात गॅलरी १ मीटरची होती. एकही गुणाकार चुकला नव्हता.

लाल, पिवळा, हिरवा

तपासणी छापील प्रतीवर होते. तिला आम्ही चेक प्रिंट म्हणतो. जो आकडा पाहिला आणि बरोबर निघाला त्यावर पिवळा हायलाइटर. जे बदलायचे ते लाल पेनाने, कारणासकट. या गॅलरीच्या पानावर लाल अक्षरात लिहिले होते, "लांबी १.० कुठून घेतली? आर्किटेक्टच्या नव्या नकाशात १.२. सगळे पान पुन्हा." दुरुस्ती मूळ डिझाइन करणारा करतो आणि प्रत्येक लाल खुणेवर हिरव्या पेनाने बरोबरची खूण करतो. शेवटी तपासणारा लाल-हिरव्या जोड्या जुळवतो. रंग न लागलेला आकडा म्हणजे न पाहिलेला आकडा, आणि तसा एकही उरला तर सही होत नाही.

तपासणाऱ्याने स्वतःच दुरुस्ती करायची नाही, असाही दंडक आहे. त्याने केली, तर ती दुरुस्ती तपासणार कोण? दोघांचे जुळले नाही तर तिसरा ज्येष्ठ इंजिनिअर निर्णय देतो आणि कारण त्याच प्रतीवर लिहितो. चेक प्रिंट फाइलला लावून ठेवतो. मागितलीत तर दाखवू.

दुरुस्तीनंतर, दीडपट सुरक्षितता धरून, दर मीटर रुंदीला सुमारे १८० चौ. मिमी सळई लागत होती. आठची सळई २५० मिमीवर दिली की २०० मिळते. चार सह्या झाल्या, ड्रॉइंग 'आर-०', म्हणजे पहिली आवृत्ती, म्हणून साइटवर गेले.

मग कठडा बदलला

सेंटरिंग झाले, सळई बांधून झाली, आणि घरमालकांना वाटले की रेलिंगपेक्षा विटांचा कठडा बरा, आडोसा होतो. मिस्त्री म्हणाले, "साडेचार इंचीच तर आहे, काही होत नाही." स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सळई पाहायला गेलेल्या आमच्या ऑफिसातल्या इंजिनिअर मुलीला बोलता बोलता हे कळले, म्हणून बरे.

मीटरभर उंचीचा, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेला साडेचार इंची कठडा दर मीटरला जवळपास ३०० किलो भरतो. तो गॅलरीच्या अगदी टोकावर, म्हणजे ३०० गुणिले १.२, एकूण ३६०. रेलिंगचे ६० जाऊन हे ३६० आले की ६३६ चे ९३६ होतात, जवळजवळ दीडपट. सळई २७० चौ. मिमी लागते, बांधलेली होती २००. आमच्या दोन्ही इंजिनिअरनी रेलिंगच धरले होते, कारण आधारपत्रकात तेच होते. दहा जणांनी तपासले असते तरी ही चूक दिसली नसती.

अशा वेळी आम्ही बदलनोंद भरतो: काय बदलले, कोणी सांगितले, कोणत्या तारखेला, कोणत्या ड्रॉइंगवर परिणाम होतो. आधारपत्रकात दुरुस्ती होऊन तुमची पुन्हा सही. मग नवा हिशेब आणि नवी तपासणी, तीही त्या एका पानापुरती नाही. इथे गॅलरीखालचा बीम आणि मागच्या खोलीचा स्लॅबही पुन्हा पाहिला, कारण गॅलरीला मागे धरून ठेवणारे तेच. ड्रॉइंगवर बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ, शेजारी त्रिकोणात १, आणि कोपऱ्यातल्या तक्त्यात एक ओळ: 'आर-१, रेलिंगऐवजी विटांचा कठडा, गॅलरीची सळई आठची १५० मिमीवर.' जुन्या प्रती साइटवरून परत घेऊन त्यांवर 'रद्द' शिक्का मारला. स्लॅब दोन दिवस उशिरा भरला. मालक थोडे नाराज झाले, तेही स्वाभाविकच. स्लॅब भरून झाला असता तर मात्र रेलिंगवरच समाधान मानावे लागले असते.

बदल लहान दिसतो आणि हिशेब दुप्पट होतो, याचे जगाला माहीत असलेले उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे आहे. तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलात एकाखाली एक असे दोन झुलते पूल एकाच सलग गजावर टांगायचे ठरले होते. बनवायला सोपे जावे म्हणून गजाचे दोन तुकडे केले गेले. त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर दोन्ही पुलांचे वजन आले. ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता, पण त्या बदलाचा हिशेब कोणी केला नव्हता. १७ जुलै १९८१ रोजी पूल कोसळले आणि ११४ माणसे गेली.

तुमच्याकडून हवे ते

भिंत, कठडा, टाकी, जड फरशी, गच्चीवरची बाग, खोलीचा वापर, यातले काहीही बदलायचे असेल तर काम थांबवून आम्हाला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेत तरी चालेल, पण बदलनोंदीवर सही होईपर्यंत तो बदल मंजूर समजू नका. जमिनीचा तपास अहवाल चुकीचा असेल किंवा साइटवर सळई ड्रॉइंगप्रमाणे बसली नसेल, तर ते या तपासणीत दिसत नाही. त्यासाठी साइटभेट वेगळी असते.

स्लॅब भरायच्या आधी मिस्त्रींच्या हातातल्या ड्रॉइंगचा आर-क्रमांक आणि आम्ही तुम्हाला शेवटी पाठवलेल्या प्रतीवरचा क्रमांक एकच आहे ना, तेवढे पाहा. वेगळा असेल तर काँक्रीटची गाडी मागवण्याआधी फोन करा.