बाटलीवर तारखेसोबत वेळ का लिहितात?

थायरॉइडच्या कर्करोगात ग्रंथी काढून टाकल्यावरही तिच्या काही पेशी मागे राहू शकतात. त्या मारण्यासाठी अनेक रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतात, कधी कॅप्सूलमधून, कधी द्रवरूपात. औषध शिशाच्या जाड डब्यात येतं आणि लेबलवर मात्रेसोबत तारीखच नव्हे, घड्याळातली वेळही असते. समजा लिहिलंय, '१०० मिलिक्युरी, सोमवार, दुपारी १२'. मिलिक्युरी हे किरणोत्साराचं माप. रुग्णाला ताप आला आणि तो गुरुवारी दुपारी दाखल झाला, तर त्याच बाटलीत ७७ मिलिक्युरीच उरलेले असतात. बाटली कोणी उघडलेली नाही, थेंबही सांडलेला नाही.

आयोडीन-१३१चं अर्धायुष्य साधारण ८ दिवस आहे. ८ दिवसांनी निम्मं उरतं, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी अष्टमांश. मधल्या दिवसांसाठी सूत्र हे:

N = N₀ × (1/2)^(t/T)

इथे N₀ म्हणजे सुरुवातीची मात्रा, N म्हणजे उरलेली मात्रा, t म्हणजे गेलेले दिवस आणि T म्हणजे अर्धायुष्य. तीन दिवसांसाठी १/२चा ३/८ वा घात काढला की ०.७७ येतं. निम्मं व्हायला ८ दिवस, म्हणजे संपायला १६, असा हिशेब पुष्कळजण करतात आणि तिथेच फसतात. दर दिवशी ठरावीक मिलिक्युरी कमी होत नाहीत. त्या दिवशी जेवढं उरलं असेल, त्याचा साधारण बारावा हिस्सा जातो.

याचं कारण मला आजही विलक्षण वाटतं. आयोडीनचं अणुकेंद्रक म्हातारं होत नाही. आज तयार झालेलं असो वा महिनाभर टिकलेलं, पुढच्या २४ तासांत फुटण्याची त्याची शक्यता तेवढीच, बारांत एक. कोणतं केंद्रक कधी फुटेल, हे कोणालाच सांगता येत नाही. मग बाटलीचा हिशेब इतका चोख कसा? संख्येमुळे. १०० मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ३७० कोटी केंद्रकं फुटतात, आणि एवढ्या गर्दीत एकेकाची लहर दिसेनाशी होते. गंमत म्हणजे या सगळ्या आयोडीनचं वजन एक मायक्रोग्रॅमही भरत नाही.

फुटतं म्हणजे काय होतं? केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. हाच बीटा कण. एक प्रोटॉन वाढला की मूलद्रव्यच बदलतं, आयोडीनचं झेनॉन होतं. हा बीटा कण ऊतीत फार तर दोनेक मिलिमीटर जातो, बहुतेक त्याआधीच थांबतात. थायरॉइडच्या पेशी आयोडीन स्वतःहून ओढून घेतात, त्यामुळे मारा नेमका त्यांच्यावर आणि आसपासच होतो.

नवं झेनॉन केंद्रक बहुधा उत्तेजित अवस्थेत जन्मतं आणि जादा ऊर्जा गॅमा किरणाच्या रूपात सोडतं. गॅमाने मूलद्रव्य बदलत नाही. तो क्ष-किरणांचाच भाऊबंद. त्याला ना वस्तुमान ना विद्युतभार, म्हणून शरीर भेदून तो बाहेर येतो. डॉक्टरांना कॅमेऱ्यात दिसतो तो हाच, आणि रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं तेही मुख्यतः याच्यामुळे. साधारण ३ मिलिमीटर शिसं या गॅमाची तीव्रता निम्मी करतं, आणखी ३ मिलिमीटर पाव. पुन्हा तेच निम्म्याचं गणित, फक्त काळाऐवजी जाडीचं.

किरणोत्साराचा तिसरा प्रकार, अल्फा कण, या बाटलीत नाही. तो पाहायचा तर रेडियम-२२३कडे जावं लागेल. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरल्यावर ते वापरतात. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचं हे गाठोडं बीटाच्या सात हजार पटींहून जड असतं, आणि सगळी ऊर्जा ०.१ मिलिमीटरच्या आतच ओतून थांबतं. कागदही त्याला अडवतो, म्हणून ते निरुपद्रवी मानण्याची चूक होते. त्वचेबाहेर ते ठीक आहे. पण अल्फा सोडणारा पदार्थ श्वासावाटे किंवा पोटात गेला, तर तीच थोडक्या जागेतली ऊर्जा घातक ठरते.

शरीरात गेल्यावर ८ दिवसांचा हिशेबही पुरत नाही, कारण लघवीवाटे आयोडीन बाहेर पडत राहतं. एखाद्या अवयवातून ते २४ दिवसांत निम्मं निघून जात असेल, तर दोन्ही वाटांचे वेग मिळवायचे: १/८ + १/२४ = १/६. म्हणजे तिथलं प्रत्यक्ष अर्धायुष्य ६ दिवस. ग्रंथी काढलेल्या रुग्णात तर बरंचसं आयोडीन पहिल्या दोन दिवसांतच शरीराबाहेर जातं.

ते जातं कुठे? अशा खोल्यांच्या शौचालयांचं पाणी थेट गटारात न सोडता वेगळ्या टाक्यांत साठवतात. टाकी भरली की बंद करून ठेवायची. ८० दिवसांत दहा अर्धायुष्यं होतात आणि १०२४ भागांतला एक भाग उरतो. तोही शून्य नव्हे. म्हणून निव्वळ दिवस मोजून भागत नाही. उरलेली मात्रा परवानगीच्या मर्यादेत आली आहे याची खात्री करावी लागते, मगच झडप उघडायची.