एकच भरणा, दोन बाजू

बँकेत भरलेली रोख रोकडपुस्तकात दोन्हीकडे का दिसते, याचं उत्तर त्या पुस्तकाच्या घडणीत आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात लुका पाचोलीने द्विनोंदी पद्धत मांडली. तिच्यात रोख हे एक खातं आणि बँक हे दुसरं. पैसे बँकेत गेले की बँक खातं नावे, रोख खातं जमा. आपल्या देशी रोजकीर्दीतही बँक म्हणजे खतावणीतला, खात्यांच्या वहीतला, आणखी एक असामी. कीर्दीत नावेच्या बाजूला तिच्या नावाने एक ओळ लिहिली, खतावणीत उतरवली, की काम झालं.

पुढे चेकने देणंघेणं वाढलं आणि बँकेच्या खात्यात रोज नोंदी पडू लागल्या. मग ते खातं खतावणीतून उचलून थेट रोकडपुस्तकात रोखीशेजारी बसवलं गेलं. तिसरा रकाना कसरीचा, म्हणजे दिलेल्या-मिळालेल्या सुटीचा. तो निव्वळ बेरजेपुरता, त्याची शिल्लक काढत नाहीत. आता एकाच पानावर दोन पूर्ण खाती नांदतात. व्यवहार या दोघांतलाच असेल, तर त्याची दोन्ही टोकं त्याच पानावर येणार, दुसरीकडे जाणार कुठे?

समजा, सकाळी गल्ल्यात १८,००० आणि बँकेत ४२,००० रुपये आहेत. दुकानदाराने १२,००० चा भरणा केला. डावीकडे, म्हणजे नावे बाजूला, ‘रोख खाते’ लिहून बँकेच्या रकान्यात १२,०००. उजवीकडे, जमा बाजूला, ‘बँक खाते’ लिहून रोखीच्या रकान्यात १२,०००. गल्ल्यात ६,००० उरले, बँकेत ५४,००० झाले. एकूण ६०,००० जागच्या जागी.

दोन्ही ओळींच्या खातेपान रकान्यात ‘C’ लिहितात. लॅटिन ‘कॉन्ट्रा’, म्हणजे ‘समोर’, याचं ते आद्याक्षर: जोडीदार समोरच्या बाजूला आहे, खतावणीत जाऊ नका. नवशिका ते विसरून दोन्ही ओळी खतावतो, आणि गंमत म्हणजे तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, तरीही जुळते, कारण चूक दोन्ही बाजूंना सारखीच पडते. फक्त खतावणीत रोख आणि बँकेची नको असलेली खाती उगवतात. बाजू उलट लिहिल्या तर? पुस्तकात रोख ३०,००० आणि बँक ३०,०००; बेरीज तीच ६०,०००. अशी चूक गल्ला मोजल्यावर किंवा बँकेच्या पासबुकाशी ताडल्यावरच सापडते, आणि फरक भरण्याच्या दुप्पट, २४,००० चा येतो. फरक निम्मा करून ती रक्कम शोधायची, ही मुनिमांची जुनी युक्ती इथे लागू पडते.

गिऱ्हाइकाचा चेक त्याच दिवशी बँकेत टाकला तर नोंद एकच, बँकेच्या रकान्यात. जुन्या रिवाजाप्रमाणे चेक गल्ल्यात ठेवून दुसऱ्या दिवशी भरला, तर पहिल्या दिवशी तो रोखीत धरतात आणि दुसऱ्या दिवशी ‘C’ पडतो. Tally मध्ये आता F4 दाबून Contra व्हाउचर एकदाच भरायचं. दुसरी बाजू यंत्र स्वतः उतरवतं.