क्रिएटीन आणि ताकदीचा व्यायाम : स्थूल शरीर, कमी स्नायू

पोट सुटलेले आहे, वजन जास्त आहे, पण खुर्चीतून उठताना हाताचा टेका घ्यावा लागतो आणि बरणीचे झाकण दुसऱ्याकडून उघडून घ्यावे लागते. अशा माणसाच्या शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. वैद्यकात या अवस्थेला सार्कोपेनिक स्थूलता म्हणतात. तिच्यावरचा मुख्य उपाय म्हणजे वजने, रबरी पट्टे किंवा स्वतःच्या शरीराचा भार वापरून केलेला ताकदीचा व्यायाम. क्रिएटीन ही त्याला जोड म्हणून घेतली जाणारी पांढरी पूड आहे. व्यायामाविना ती घेतली तर ताकदीत फारसा फरक पडत नाही.

ही अवस्था आपल्याकडे परकी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय शरीराकडे लक्ष वेधले. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली, तेव्हा इथली बाळे वजनाने बरीच हलकी होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स 25 पासूनच स्थूलता धरतात. कंबर पुरुषांत 90 सेंमी व स्त्रियांत 80 सेंमीच्या वर गेली की ती धोक्याची खूण मानतात.

क्रिएटीन शरीर स्वतःही बनवते. मूत्रपिंड आणि यकृत मिळून रोज साधारण 1 ग्रॅम तयार करतात, आणि मांस-मासळी खाणाऱ्याला जवळपास तेवढेच आहारातून मिळते. यातले सुमारे 95 टक्के स्नायूंत साठते. जोर लावण्याच्या पहिल्या काही सेकंदांत स्नायू हाच साठा वापरतो. साठा भरलेला असला तर जिथे आठव्या उठाबशीला दम संपायचा तिथे नववी, दहावी निघते. आठवड्यामागून आठवडे अशी जादा आवर्तने झाली की स्नायूंना वाढायला थोडे अधिक कारण मिळते. पुडीचा खरा उपयोग एवढाच, आणि म्हणून जो त्या नवव्या उठाबशीपर्यंत जातच नाही त्याला तिचा फायदा नाही.

शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत हा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे पूड सुरू केल्यावर तो जास्त भरतो. पूड कारखान्यात रसायनांपासून बनते, प्राण्यापासून नव्हे, तेव्हा माळकऱ्यालाही ती चालते. कॅप्सूल घ्यायची असेल तर मात्र तिचे कवच जिलेटिनचे नाही ना, हे डबीवर पाहून घ्यावे.

मात्रा. रोज 3 ते 5 ग्रॅम क्रिएटीन मोनोहायड्रेट पुरते. खेळाडू पहिले पाच-सहा दिवस रोज 20 ग्रॅम घेऊन साठा झटपट भरतात. रोज 3 ग्रॅमने तोच साठा सुमारे चार आठवड्यांत भरतो आणि पोट बिघडत नाही. एका वेळी 10 ग्रॅम घेतल्यावर जुलाब होण्याची तक्रार बऱ्याच जणांना येते. काही ठिकाणी किलोमागे 0.1 ग्रॅम असा हिशोब सांगतात. तो स्थूल माणसाला लावू नये, कारण चरबीत क्रिएटीन साठत नाही आणि 95 किलोच्या माणसाला त्या हिशोबाने उगाच साडेनऊ ग्रॅम घ्यावे लागते. वेळ कोणतीही चालते, दिवस मात्र चुकवू नयेत. थंड पाण्यात पूड नीट विरघळत नाही आणि पेल्याच्या तळाशी रवाळ थर उरतो. तो फेकला तर मात्राच अर्धवट जाते. कोमट पाण्यात ढवळून लगेच प्यावे, आणि लिंबाच्या सरबतात घालून तासन्‌तास ठेवू नये, कारण आंबट द्रवात तिचे हळूहळू क्रिएटिनिन या निरुपयोगी पदार्थात रूपांतर होते. मोनोहायड्रेटपेक्षा महागड्या प्रकारांचा जास्त फायदा सिद्ध झालेला नाही. तो खर्च पनीरवर केलेला बरा.

आता फायदा किती, हे पाहू. 2017 साली 22 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मध्यमवयीन व वृद्ध मिळून 721 जण होते. ताकदीच्या व्यायामासोबत क्रिएटीन घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सरासरी 1.37 किलोने जास्त वाढले. आकडा चांगला वाटतो, पण चरबीविरहित वजनात पाणीही मोजले जाते, आणि क्रिएटीन स्नायूत पाणी ओढते. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीत हा गुंता वेगळा केला गेला. तिथे एका गटाला व्यायामाआधी आठवडाभर क्रिएटीन सुरू केले, तेवढ्यात हे वजन सुमारे अर्धा किलो वाढले. पुढचे 12 आठवडे सगळ्यांनी व्यायाम केला, आणि त्या काळात दोन्ही गटांत वाढ जवळपास सारखीच झाली. ही माणसे 50 वर्षांखालची होती. वृद्धांबाबत हेच खरे ठरेल असे नाही, पण त्या 1.37 किलोतला काही भाग पाण्याचा असणार एवढे यावरून धरायला हरकत नाही.

चरबीवर क्रिएटीनचा परिणाम नगण्य असतो. कंबर कमी झाली तर ते श्रेय जेवणातल्या कपातीचे आणि हालचालीचे. ताकदीत मात्र फरक दिसतो. गुडघ्याचा संधिवात असलेल्या, पाळी गेलेल्या 24 स्त्रियांवर ब्राझीलमध्ये 12 आठवड्यांची चाचणी झाली. अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते, हे मोजले. क्रिएटीनच्या गटात हा आकडा साधारण 16 वरून 18 वर गेला, नुसता व्यायाम करणाऱ्या गटात 15 च्या आसपासच राहिला. संख्या लहान आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोन जादा उठाबशा घरात वावरताना जाणवतात. म्हणूनच या उपचाराचे यश वजनकाट्यावर नव्हे, खुर्चीवर मोजावे.

खुर्चीची चाचणी. पाठ टेकता येईल अशी, हात नसलेली, साधारण 43 सेंमी उंचीची खुर्ची भिंतीला लावून ठेवतात. हात छातीवर आडवे धरून पाच वेळा पूर्ण उठायचे-बसायचे आणि घड्याळ लावायचे. 2019 च्या आशियाई निकषांप्रमाणे 12 सेकंद किंवा जास्त लागले तर कामगिरी मंद. मुठीची ताकद यंत्रावर पुरुषांत 28 व स्त्रियांत 18 किलोपेक्षा कमी आली तर ती कमी धरतात.

एक नमुना घेऊ. वय 58 ची शाकाहारी बाई, उंची 152 सेंमी, वजन 74 किलो, म्हणजे इंडेक्स 32. कंबर 98 सेंमी, मूठ 16 किलो, पाच उठाबशांना 15 सेकंद. गुडघे कुरकुरतात. तिला आठवड्यातून तीन दिवस व्यायाम, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा ठेवून बसण्याची उंची वाढवायची, म्हणजे गुडघा कमी वाकतो. 8 उठाबशांचे तीन फेरे, मध्ये दोन मिनिटे थांबायचे. सोबत भिंतीला हात टेकून जोर, रबरी पट्टा छातीकडे ओढणे आणि कमरेतून वाकून जमिनीवरचे वजन उचलणे. फेरा संपताना आणखी दोन-तीनच निघाल्या असत्या असे वाटले पाहिजे. तिन्ही फेऱ्यांत 12 निघू लागल्या की एक उशी काढायची, मग दुसरी, आणि नंतर छातीशी 2 किलो तांदळाची पिशवी धरायची. सहा महिन्यांत 6-8 किलोपर्यंत जाता येते. यात नेहमीची चूक अशी की माणूस महिनोन्‌महिने त्याच हलक्या पिवळ्या पट्ट्यावर वीस-वीस वेळा हात हलवत राहतो. घाम येतो, ताकद वाढत नाही.

प्रथिने तिच्या पूर्ण 74 किलोवर न मोजता सुधारित वजनावर मोजतात. तिच्या उंचीला 53 किलो योग्य धरले, त्यात वरच्या 21 किलोंपैकी पाव हिस्सा मिळवला की सुमारे 58 होतात. किलोमागे 1.2 ग्रॅमने रोज 70 ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात 7-8 ग्रॅम, पेलाभर दुधात 8, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये 9, तीस ग्रॅम कोरड्या सोयावडीत 15. पोहे आणि चहावर सकाळ काढली तर हे गणित जमत नाही.

पहिल्या महिन्यात काटा अर्धा ते एक किलो वर जातो. बहुतेक लोक पूड इथेच सोडतात, आणि ते चुकीचे आहे, कारण ते पाणी स्नायूतले असते. म्हणून चरबी आणि चरबीविरहित वजनाची मोजणी चौथ्या आठवड्यात पुन्हा करावी आणि पुढचा हिशोब तिथून धरावा. चौथ्या ते चोविसाव्या आठवड्यातला फरक पाण्याने फुगलेला नसतो. या बाईने जेवणात माफक कपातही केली तर सहा महिन्यांत वजन 3-4 किलो कमी, कंबर 3-4 सेंमी कमी, चरबीविरहित वजन जागच्या जागी किंवा किंचित वर, मूठ 17-18 किलो, पाच उठाबशा 11-12 सेकंदांत, एवढी अपेक्षा रास्त. वजन घटताना स्नायू टिकले हाच नफा आहे. 2017 मधील एका अमेरिकी चाचणीत स्थूल वृद्धांचे वजन सुमारे 9 टक्के घटवले, तेव्हा चालणे-सायकलसारखा व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन 5 टक्के गेले, ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचे 2 टक्के. त्यात क्रिएटीन नव्हते.

रक्ततपासणीतली फसगत. क्रिएटीन घेतल्यावर रक्तातले क्रिएटिनिन थोडे वाढते, मूत्रपिंड ठीक असूनही. वरच्या बाईचे 0.8 होते ते 0.95 झाले, तर त्यावरून काढलेला, मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता सांगणारा ईजीएफआर हा आकडा 85 वरून एकदम 69 दाखवतो आणि घरात घबराट उडते. पूड सुरू असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी करतात, तिच्यावर क्रिएटीनचा परिणाम होत नाही. मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल, किंवा वेदनाशामके रोज चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. सुरुवातीचा आकडा हाती असावा म्हणून तपासणी पूड घेण्याआधीच करून ठेवलेली बरी.

पूड बंद केल्यावर स्नायूंतला जादा साठा चार ते सहा आठवड्यांत ओसरतो आणि पाण्याचे वजन त्याबरोबर जाते. खुर्चीवरचे सेकंद मात्र व्यायाम चालू असेपर्यंत बऱ्याच अंशी टिकतात.