पैसे कापले गेले, पण ऑर्डर ‘फेल’: तुमचे पैसे नेमके कुठे असतात?

आमच्या दुकानाच्या फोनवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकू येतं: “बँकेचा मेसेज आलाय, पैसे गेलेत, आणि तुमची साइट म्हणते ऑर्डर झालीच नाही.” फोन करणारा चिडलेला असतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

आधी त्या मेसेजबद्दल. ‘खात्यातून १,८४० रुपये वजा’ हा एसएमएस तुमची बँक पाठवते, तोही पैसे खात्यातून निघाल्याबरोबर. ते आमच्यापर्यंत पोहोचले की नाही, याची त्या मेसेजला काहीच खबर नसते. यूपीआयचा व्यवहार म्हणजे एक उडी नव्हे, निरोपांची साखळी असते. तुम्ही पिन टाकलात की ॲप तो व्यवहार यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेकडे पाठवतं, ती तुमच्या बँकेला ‘पैसे वजा करा’ म्हणते. बँकेचा होकार आला की आमच्या बाजूच्या बँकेला ‘जमा करा’ असा निरोप जातो. तिथून ‘जमा झाले’ असं उत्तर उलट्या वाटेने फिरतं, आणि शेवटी आमचं पेमेंट गेटवे आमच्या वेबसाइटला कळवतं की या ऑर्डरचे पैसे आले. हे सगळं एरवी काही सेकंदांत उरकतं. यातला एक जरी निरोप वाटेत रखडला, तरी पहिलं टोक म्हणतं ‘गेले’ आणि शेवटचं टोक म्हणतं ‘आले नाहीत’.

आमची साइट तुमच्या पेमेंटसाठी १० मिनिटं थांबते. त्याहून जास्त थांबलो तर ती वस्तू दुसऱ्या कुणाला घेता येत नाही, म्हणून ही मर्यादा. १० मिनिटांत होकार आला नाही की ऑर्डरवर ‘फेल’ असा शिक्का बसतो. शब्द जरा टोकाचा आहे, हे मान्य. त्याचा खरा अर्थ एवढाच, की ‘आम्हाला वेळेत कळलं नाही’.

आता खरा प्रश्न: पैसे कुणाकडे आहेत? परत कोण करणार, हे त्यावरच ठरतं. त्यासाठी एसएमएस बाजूला ठेवा, ज्या ॲपमधून पैसे दिले तिथे तो व्यवहार उघडा आणि त्याची स्थिती पाहा.

ॲपमध्ये व्यवहार अयशस्वी दिसत असेल आणि तरीही खात्यातून पैसे गेले असतील, तर ते आमच्यापर्यंत आलेलेच नाहीत. ते बँकांच्या यंत्रणेत आहेत आणि तिथूनच उलटे फिरून तुमच्या खात्यात येतात. याला रिव्हर्सल म्हणतात. यात आम्ही कितीही मनापासून ‘परत करतो’ म्हटलं तरी आमच्या हातात काही नसतं, कारण जे आलंच नाही ते परत कसं करणार? रिव्हर्सल बहुतेक वेळा त्याच दिवशी होतं. पण त्याचा एसएमएस येईलच असं नाही. ‘अजून आले नाहीत’ म्हणणाऱ्या ग्राहकांपैकी काहींचे पैसे केव्हाच आलेले असतात, म्हणून मेसेजची वाट न पाहता खात्याचा उताराच बघा.

ॲपमध्ये व्यवहार प्रलंबित असेल तर थोडं थांबा. बँका आपापसात ताळा जुळवत असतात. शेवटी तो एक तर यशस्वी होतो, नाही तर पैसे परत फिरतात. या वेळात लगेच दुसऱ्यांदा पैसे देऊ नका. पहिला व्यवहार नंतर यशस्वी झाला तर तुमचे दुप्पट पैसे अडकतील. वस्तू हातची जाईल अशी भीती असेल तर आम्हाला फोन करा, आम्ही ती बाजूला ठेवतो.

आणि ॲपमध्ये व्यवहार यशस्वी दिसत असेल, तर पैसे बहुधा आमच्या बाजूला आहेत. एक उदाहरण घेऊ. एका ताईंनी शुक्रवारी रात्री ८:४७ ला तांब्याच्या हंड्यासाठी १,८४० रुपये भरले. ८:५७ ला आमची ऑर्डर ‘फेल’ झाली. गेटवेचा ‘पैसे आले’ हा निरोप पोहोचला ९:२०ला, म्हणजे ऑर्डर बंद झाल्यावर २३ मिनिटांनी. अशा वेळी आम्ही आधी विचारतो: वस्तू हवी आहे की पैसे? वस्तू शिल्लक असेल तर तीच ऑर्डर पुन्हा सुरू करता येते. या ताईंना पैसेच हवे होते, म्हणून आम्ही त्याच रात्री परतावा पाठवला आणि तो मंगळवारी त्यांच्या खात्यात दिसला. परताव्याचा क्रमांक मूळ व्यवहाराच्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे उताऱ्यात जुना क्रमांक शोधत बसू नका. शिवाय परतावा ज्या खात्यातून पैसे आले तिथेच जातो. ‘मुलाच्या खात्यात टाका’ म्हणालात तर ते आम्हाला जमणार नाही.

क्वचित असंही होतं, की ॲपमध्ये व्यवहार यशस्वी दिसतो, पण आमच्या गेटवेत तो क्रमांक सापडत नाही. म्हणजे आमच्या बाजूच्या बँकेचं उत्तर वेळेत आलेलं नसतं आणि जमा व्हायचं राहिलेलं असतं. तसं असेल तर आम्ही ते स्पष्ट सांगतो, आणि मग तक्रार बँकेकडेच करायची.

दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले, पण दुकानाला खात्री मिळाली नाही, अशा व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये मुदत ठरवून दिली आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, म्हणजे रविवार आणि सुट्टीही त्यात धरतात. शुक्रवारी पैसे अडकले तर बुधवारपर्यंत यायला हवेत. गुरुवारपासून दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही न मागता मिळायला हवी. प्रत्यक्षात ती आली का, हे तुम्हीच तपासलेलं बरं. हा नियम बँकांच्या यंत्रणेत अडकलेल्या पैशांचा आहे. आम्ही वेगळा पाठवलेला परतावा यात मोजत नाहीत.

मुदत टळली तर ॲपमध्ये तोच व्यवहार उघडून तिथूनच तक्रार नोंदवा, म्हणजे व्यवहाराचे सगळे तपशील तक्रारीबरोबर जातात. त्याने काम झालं नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं.

बँकेचा किंवा ॲपचा मदत क्रमांक मात्र इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांचे क्रमांक पेरलेले असतात. तो ॲपमधून किंवा पासबुकवरून घ्या. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘परतावा देतो, पिन टाका’ किंवा ‘हा क्यूआर स्कॅन करा’ असं कुणी आमचं नाव घेऊन सांगितलं, तरी फोन ठेवून द्या.

आम्हाला फोन करताना स्क्रीनशॉटपेक्षा व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक आणि तारीख द्या. ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात तो सापडतो. तो असला की पैसे आमच्याकडे आहेत की नाहीत, हे आम्ही तुम्ही फोनवर असतानाच सांगू शकतो.