उभा आरसा : घरातील मांडणी

उभा आरसा : डोक्यापासून पावलांपर्यंत पूर्ण देह एकाच वेळी दिसेल असा, भिंतीला किंवा कपाटाच्या दाराला कायमचा बसवलेला सपाट आरसा. मराठवाड्यातील बहुतेक घरांत तो स्वतंत्र वस्तू म्हणून येत नाही. लग्नात आलेल्या लोखंडी कपाटाच्या दाराबरोबर येतो. त्यामुळे त्याची जागा आरशाच्या सोयीने न ठरता कपाटाच्या सोयीने ठरते, आणि कपाट सहसा पलंगासमोरच्या मोकळ्या भिंतीला लागते. रात्री आरशातील स्वतःच्याच प्रतिमेने दचकण्याच्या तक्रारींचे मूळ सहसा याच मांडणीत असते.

नाव व पूर्वपीठिका : ‘आरसा’ हा शब्द संस्कृत ‘आदर्श’ या शब्दापासून प्राकृत ‘आयरिस’ या रूपातून आला, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. ‘ऐना’ हा फारसी ‘आईना’चा मराठी अवतार. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि येथील बोलीत फारसी-दखनी शब्दांचा भरणा आहे. तरी ‘ऐना’ केवळ मराठवाड्याचा नाही, तो सगळ्या महाराष्ट्रात आढळतो.

या प्रदेशातील आरशाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात आहे. त्यात दासींसह उभी असलेली एक स्त्री हातातील गोल आरशात पाहून प्रसाधन करते. हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील, म्हणजे स्थूलमानाने इ. स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानतात. नेमक्या वर्षांबद्दल मतभेद असून सर्व काम दोन-तीन दशकांत उरकले, हे मत सध्या अधिक प्रचारात आहे.

याहून जुना व अधिक वादग्रस्त पुरावा हस्तिदंती मूर्तींचा आहे. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सुमारे २४ सेंमी. उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले असल्याने मूर्ती त्याआधीची, हे निश्चित. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्याने ती सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. ही मूर्ती म्हणजे आरशाची मूठ, असा एक जुना अर्थ आहे. दुसऱ्या मताप्रमाणे ती छोट्या तिवईचा पाया असावी. डोक्यावरून आत गेलेले भोक वर काहीतरी टेकवण्यासाठी होते, एवढेच त्यावरून म्हणता येते. पण मुठीच्या मानाने मूर्ती जड व चहूबाजूंनी कोरलेली असल्याने तिवईचे मत अधिक ग्राह्य वाटते.

मूठ असो वा नसो, हे सारे हातात धरायचे आरसे होते. हातातला आरसा पाहायचे ठरवल्याशिवाय काही दाखवत नाही. भिंतीवरचा आरसा मात्र माणूस बेसावध असतानाही दाखवत राहतो, म्हणून मांडणीचा प्रश्न त्याच्याबरोबरच जन्माला येतो. काचेच्या पाठीवर रासायनिक रीतीने चांदीचा थर देण्याची पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिख याने १८३५ मध्ये दाखवली. पुढे मोठे आरसे स्वस्त झाले, ते मुख्यतः या मार्गाने.

लंबाचा नियम : आरशात आपण स्वतःला केव्हा दिसतो, याचे उत्तर एका रेषेत आहे. डोळ्यापासून आरशाच्या प्रतलावर सरळ काटकोनात रेषा टाकावी. ती काचेवर पडली तर आपलेच डोळे समोर दिसतात; काचेबाहेर पडली तर नजरेला नजर भिडत नाही. चेहऱ्याची रुंदी लक्षात घेऊन काचेच्या कडेपासून वीतभर जास्त अंतर सोडले, की चेहराही दिसत नाही. आरसा किती मोठा आहे किंवा आपण किती लांब आहोत, याने या नियमात फरक पडत नाही.

उंचीही याच नियमाने निघते. पूर्ण देह दिसायला देहाच्या निम्म्या उंचीची काच पुरते; वरची कड डोळे व माथा यांच्या मध्यावर, खालची कड डोळे व पावले यांच्या मध्यावर. घरात सर्वांत उंच माणूस ५ फूट ९ इंच असेल, तर त्याचे डोळे जमिनीपासून साधारण ६४ ते ६५ इंचांवर येतात आणि वरची कड ६७ इंचांवर लागते. साडेतीन फुटांच्या मुलाचे डोळे ३८ इंचांवर, म्हणून खालची कड १९ इंचांवर. या दोन्हींमध्ये बरोबर ४ फूट काच बसते आणि मधल्या उंचीची सगळी माणसे तीत आपोआप सामावतात. निऱ्यांचा घोळ पाहण्यासाठी आरसा जमिनीला टेकला पाहिजे, ही समजूत खरी नाही. मागे सरकल्याने पावले दिसू लागतील, हीदेखील खरी नाही.

मागे सरकल्यावर दिसणारा भाग बदलतच असेल, तर आरसा ओळंब्यात नाही असे समजावे. दोरीने खिळ्याला अडकवलेला आरसा वरच्या बाजूने पुढे झुकतो. झोक ५ अंशांचा असला, तर नजर १० अंश खाली वळते. ४ फुटांवर उभ्या असलेल्या, वर सांगितलेल्या उंच माणसासाठी लंब सुमारे ४ इंच वर सरकून काचेबाहेर जातो व डोळेच दिसेनासे होतात. उलट ११ फुटांवर उशीवर निजलेल्यासाठी तो जवळजवळ फूटभर वर येऊन काचेच्या मध्याकडे सरकतो. म्हणजे झुकलेला आरसा नको तेव्हा दाखवतो आणि हवे तेव्हा लपवतो.

शयनगृहातील एक उदाहरण : खोली १० बाय १२ फुटांची, ५ बाय साडेसहा फुटांचा पलंग १० फुटी भिंतीला डोके लावून मधोमध, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट जागा. समोरच्या १० फुटी भिंतीच्या मध्यावर आरसा लावला, तर दचकण्याची पूर्ण सोय होते. उशीवर कुशीवर निजलेल्याचे डोळे सुमारे २८ इंचांवर आणि उठून बसलेल्याचे ५० इंचांच्या आसपास असतात. दोन्ही उंची १९ ते ६७ इंचांच्या पट्ट्यात येतात. भिंत डोळ्यांपासून ११ फुटांवर असल्याने प्रतिमा २२ फुटांवर, भिंतीपलीकडे उठून बसल्यासारखी दिसते. आरसा वर-खाली करून हे टळत नाही. तो बाजूला न्यावा लागतो.

दीड फूट रुंदीचा तोच आरसा त्याच भिंतीवर कोपऱ्याकडे, पलंगाच्या कडेच्या रेषेपासून पाऊण फूट पलीकडे सरकवला, तर कोणत्याही उशीवरून टाकलेला लंब काचेवर पडत नाही. निजलेल्या दोघांना त्यात एकमेकांचीही प्रतिमा दिसत नाही, फक्त बाजूची भिंत दिसते. तीत खिडकी असेल, तर मात्र रस्त्यावरून वळणाऱ्या गाडीचा दिवा आरशातून थेट डोळ्यांवर येतो.

येथे एक चूक वारंवार होते. आरसा ज्या बाजूच्या कोपऱ्यात गेला, त्याच बाजूने रात्री न्हाणीकडे जायची वाट असेल, तर अंधारात उठलेला माणूस दोन पावलांत आरशाच्या पट्ट्यात शिरतो आणि प्रतिमा एकदम पुढे उभी राहते. म्हणून कोपरा न्हाणीच्या विरुद्ध बाजूचा निवडावा. त्याहून चांगली जागा बाजूच्या १२ फुटी भिंतीवर, पलंगाच्या पायथ्यापलीकडे उरलेल्या साडेपाच फुटांत आहे. तेथे साडी नेसताना मागे सरायला ऐसपैस जागा मिळते आणि उशीवरून टाकलेला लंब आरशापासून कितीतरी दूर, डोक्याशेजारच्या भिंतीवर पडतो. खिळा ठोकण्याआधी आरशाच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा भिंतीला चिकटवून, त्याच्या चारही कडांवर हातआरसा सपाट धरायला एकाला सांगावे व आपण उशीवर पडून पाहावे.

ढाळज व बोळ : वाड्याच्या प्रवेशद्वारालगतच्या ढाळजेत आणि नव्या घरांच्या अरुंद बोळात प्रश्न वेगळा असतो, कारण तेथे माणूस चालत असतो. बोळाच्या टोकाच्या भिंतीवर आरसा असला, की समोरून येणारी आकृती चालणाऱ्याच्या दुप्पट वेगाने जवळ येते. उजेड असेल तर ती पहिल्या पावलापासून दिसते व नजर तिला सरावते. मात्र उजेड पाठीमागे, उघड्या दाराकडे असेल, तर चेहरा नसलेली काळी छाया चाल करून येते. यावर उपाय दिव्याचा आहे : दिवा आरशाच्या टोकाला, त्याच्या वर किंवा बाजूला हवा, म्हणजे उजेड पाहणाऱ्याच्या तोंडावर पडतो. लोडशेडिंगमध्ये हा उपाय मावळतो, हे ध्यानात ठेवावे.

बाजूच्या भिंतीवरील आरशात स्वतःची प्रतिमा फक्त काचेसमोरून जाताना, डोळ्याच्या कोपऱ्यात, क्षणभर चमकते. अशी जागा चालत्या वाटेवर नसावी. माणूस थांबतो तेथे, चपला काढायच्या जागेशी, असावी. माळवदाच्या अंधाऱ्या घरात उजेड वाढवायला आरसा लावतात, तेव्हा त्यातून दार किंवा छतातील झरोका दिसत असेल तरच उपयोग होतो. अंगणाकडे तोंड केलेल्या आरशाला चिमण्या चोची मारतात. त्यांना तो दुसरा पक्षी वाटतो, आणि झाकण्यापलीकडे त्यावर उपाय नाही.

मंद उजेडातील चेहरा : मिणमिणत्या दिव्यात स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावल्यास तो बदलल्यासारखा, कधी परका दिसतो. इटालियन मानसशास्त्रज्ञ जोव्हान्नी कापुतो याने २०१० मध्ये हा अनुभव प्रयोगाने नोंदवला. तो एक मिनिटाच्या आतही सुरू होतो. स्थिर नजरेत कडेच्या गोष्टी विरत जातात, हे स्विस वैद्य ट्रॉक्सलर याने १८०४ मध्येच दाखवले होते व या अनुभवाचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. मात्र परका चेहरा का दिसतो, याचे पूर्ण स्पष्टीकरण त्याने होत नाही. रात्री आरशावर कापड टाकण्याच्या चालीमागे असे अनुभव असू शकतील. पलंग आरशात दिसू नये, हा वास्तुसल्लागारांचा आग्रह निष्कर्षापुरता लंबाच्या नियमाशी जुळतो. दिशांबद्दलची त्यांची कारणे वेगळी आहेत. स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध व्यक्ती आरशातील स्वतःला परका माणूस समजू लागली, तर वाद न घालता आरसा झाकणे बरे.

बसवणे : ४ बाय दीड फुटाची, ५ मिमी. जाडीची काच सुमारे ७ किलो भरते. पांढऱ्या मातीच्या भिंतीत स्क्रूचे प्लग धरत नाहीत, म्हणून वजन लाकडी खांबावर किंवा तुळईवर घ्यावे. भिंत व काच यांत लाकडी पट्ट्यांनी बोटभर पोकळी ठेवावी. ओल लागली की चांदीला कडेपासून काळे डाग चढतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ४ च्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माणसे झोपेत होती. त्या पट्ट्यात नुसता टेकवलेला आरसा किंवा भिंतीला न बांधलेले आरशाचे कपाट पलंगाच्या बाजूला ठेवू नये. कपाट माथ्याशी दोन पट्ट्यांनी भिंतीला जखडावे व काचेच्या पाठीवर चिकट पडदा लावून घ्यावा, म्हणजे ती फुटली तरी तुकडे जागीच राहतात.