mtr अहवाल : खरा आणि भासमान पॅकेट लॉस

mtr हे जालमार्ग तपासण्याचे साधन मॅट किम्बल यांनी 1997 मध्ये लिहिले. पॅकेटने जास्तीत जास्त किती राउटर ओलांडावेत याची मर्यादा म्हणजे टीटीएल; ती एकेकाने वाढवत mtr सतत पॅकेट पाठवते. टीटीएल ज्या राउटरवर संपतो, तो पॅकेट टाकून देतो आणि तसे कळवणारे आयसीएमपी उत्तर पाठवतो. किती उत्तरे आली नाहीत, ते Loss% या रकान्यात दिसते. म्हणजे हा आकडा न आलेल्या उत्तरांचा आहे आणि वाचताना बहुतेक गफलत इथेच होते.

मोठ्या राउटरमध्ये पुढे जाणारी पॅकेट हार्डवेअरच परस्पर पाठवते. आयसीएमपी उत्तर तयार करण्याचे काम मात्र सहसा नियंत्रण-प्रोसेसरकडे जाते. त्याच्यावर राउटिंगचा भार असल्याने अशा उत्तरांवर मर्यादा घातलेली असते. मर्यादा ओलांडली की राउटर गप्प बसतो, पण वाहतूक सुरळीत चालू राहते.

```
mtr -rwn -c 100 203.0.113.80
```

या आज्ञेच्या एका नमुना अहवालातील शेवटच्या ओळी, मोजकेच रकाने ठेवून :

```
   Host           Loss%  Snt   Avg
3. 192.0.2.9       0.0%  100   6.1
4. 198.51.100.1   61.0%  100  14.8
5. 198.51.100.22   0.0%  100  15.2
6. 203.0.113.80    0.0%  100  15.6
```

प्रत्येक ओळ म्हणजे वाटेतला एक टप्पा, म्हणजेच हॉप. चौथ्या हॉपचे 61 टक्के पाहून सेवादात्याकडे तक्रार करणे चूक ठरेल. पाचव्या आणि सहाव्या हॉपकडे निघालेली पॅकेटही चौथ्यातूनच गेली. तिथे खरोखर एवढी पॅकेट पडत असती, तर पुढच्या दोन्ही ओळींतही साधारण तेवढाच लॉस दिसला असता. तिथे शून्य आहे, म्हणून चौथा राउटर फक्त उत्तरे कमी देतो. एकाच हॉपवर फुगलेला आणि पुढे पुन्हा उतरलेला Avg, म्हणजे उत्तर यायला लागलेला सरासरी वेळ, देखील याच कारणाने येतो.

आता चौथ्यावर 61, पाचव्यावर 8 आणि सहाव्यावर 9 टक्के असते, तर खरा लॉस 8-9 टक्क्यांच्या आसपास धरावा. 100 पॅकेटांत एका टक्क्याचा फरक केवळ योगायोगाने पडतो. लॉस नेमका कुठे सुरू झाला, हे मात्र सांगता येत नाही, कारण चौथ्याच्या मर्यादेने त्याचा खरा आकडा झाकला आहे. शिवाय उत्तर वेगळ्या वाटेने परतत असेल, तर बिघाड त्या परतीच्या वाटेवरही असू शकतो. म्हणून दुसऱ्या टोकाकडूनही mtr चालवून पाहावे. एकतर्फी अहवालावरून एखाद्या राउटरला दोष देऊ नये.

अंतिम हॉपवरचा लॉस सर्वांत महत्त्वाचा, पण तोही फसवू शकतो. सर्व्हरच्या फायरवॉलने आयसीएमपी अडवले असेल, तर संकेतस्थळ व्यवस्थित उघडत असतानाही तिथे 100 टक्के लॉस दिसतो. अशा वेळी `mtr -T -P 443` वापरून टीसीपीने तीच तपासणी करावी.